बैलाचा इलाज, कुत्र्याचं पोट

कुत्रा मुलाचा. ग्रेट डेन, करड्या रंगाचा, वासराएवढा. मुलाने हौसेने घेतला, वाढवला आणि पुण्याला नोकरी लागली तेव्हा आमच्या गळ्यात टाकून गेला. मी अमरावतीत रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवते. सकाळी सातला शटर उघडायचं, त्या आधी याला फिरवायचं, आणि दिवसभर हा व्हरांड्यात पाय पसरून रस्त्याकडे बघत बसणार. वर्षभर केलं. मग त्याला दर्यापूरजवळच्या आमच्या शेतावर मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, नेऊन सोडला. तिथे जागा होती आणि मामाजींना दिवसभर कोणीतरी बोलायला हवं होतं.

दोघांचं जमलं. मामाजी त्याला पोट्टा, म्हणजे पोरगा, म्हणायचे. त्याचं खाणं मात्र त्यांनी त्यांच्या पद्धतीने लावलं. मुलाने दोन वेळा खायला घालायची सवय लावली होती. मामाजींनी ती मोडली. राखणीच्या कुत्र्याला एकदाच, दिवस मावळताना, पोटभर, हा त्यांचा नियम. ज्वारीच्या भाकरी ताकात कुस्करून, वर कधी अंडी, कधी मटणाचं पाणी, असं घमेलं भरून. मुलाने आणलेल्या लोखंडी स्टँडवर ते घमेलं ठेवायचं, कारण उंच जनावराला मान वाकवायला लागू नये. तो ते श्वास न घेता संपवायचा. आलेल्या-गेलेल्याला मामाजी ते दाखवायचे. मी एकदा म्हटलं, दोनदा विभागून घालत जा. ते हसले. माणसाची कामं आधी उरकावी लागतात, याचा सारखा स्वयंपाक कोण करेल, म्हणाले. त्यात तथ्य होतं, आणि मी अमरावतीत होते.

अमरावतीच्या आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा लस देताना एक गोष्ट सांगितली होती. खोल छातीच्या कुत्र्यांची, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशांची, पोटं फुगतात. फुगलेली जठराची पिशवी कधी कधी स्वतःभोवती फिरते आणि दोन्हीकडची तोंडं बंद होतात. वरून काही येत नाही, खालून काही जात नाही. उलटीसारखं करतो पण पडत काहीच नाही, असं दिसलं तर घरी औषध शोधू नका, गाडीची किल्ली शोधा. एवढंच ते बोलले आणि पुढच्या मांजरीकडे वळले.

जानेवारीतला रविवार होता. शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजलेले, वरून राख झटकून तुपात बुडवलेले. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. दर्यापूरचे, तेल्हाऱ्याचे, मिळून बरेच पाहुणे होते. पोट्टा पंगतीच्या कडेने फिरत होता आणि प्रत्येक जण त्याला एक रोडगा टाकत होता. प्रत्येकाला वाटलं आपण एकच टाकला. मामाजींनी वेगळा वाढला तो निराळाच. तो चावत नव्हता, गिळत होता. मग बैलांच्या हौदात तोंड घालून तो बराच वेळ पाणी पीत राहिला. तेवढ्यात हरभऱ्यात वानरांची टोळी उतरली. पोरं ओरडत धावली आणि त्यांच्या पुढे हा.

मी विहिरीजवळ पातेली घासत होते. तो परत आला तेव्हा कोणी विशेष बघितलं नाही. मला दिसलं ते असं, की तो बसत नव्हता. चिंचेखाली जायचा, गोल फिरायचा, बसायला म्हणून मागचे पाय वाकवायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मग मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा, तिथे कोणी चिमटा काढल्यासारखा. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. जेवल्यावर हा झोपतो. कधीही, कुठेही झोपतो. मी राखेचा हात तसाच ठेवून उभी राहिले. त्याने मान लांब केली, पोट आत ओढलं, घशातून खरवडल्यासारखा आवाज काढला. मी जमिनीकडे बघितलं. थोडा पांढरा फेस, बाकी काही नाही. पुन्हा तेच. पुन्हा काही नाही.

मी हात धुवून तिथे पोचेपर्यंत मामाजींनी त्याला पट्ट्याला धरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालवायला सुरुवात केली होती. बैलाला चालवतात तसं, पुढचं अंग चढावर ठेवून. मग थांबून त्यांनी बरगडीमागे बोटांनी टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. मलाही ऐकू आला.

"फुगलं," ते म्हणाले. "वलं हिरवं खाल्लेल्या बैलासारखं फुगलं. तेलाची बाटली आना कोनी."

तेल आलं. जवसाचं. गोठ्याच्या भिंतीला खोचलेली बांबूची नळी पण आली, तिरपी कापलेली, वापरून गुळगुळीत झालेली. मामाजींनी त्या नळीने किती बैल वाचवले ते गावात कोणालाही विचारा. आमच्या लग्नाच्या वर्षी मी स्वतः बघितलं होतं. पाय झाडत पडलेला बैल, तेल घशाखाली उतरलं, थोड्या वेळाने ढेकर आला आणि बैल उठला. म्हणून पंगतीतल्या एकाही माणसाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. कोणी म्हणालं ओवा घाला, कोणी म्हणालं सोडा घाला. एक तेल्हाऱ्याचे पाहुणे कुत्र्याचा जबडा धरायला पुढे झाले.

मी कुत्र्याच्या तोंडासमोर बसले.

"मामाजी, तोंड उघडू नका त्याचं."

"काहून?"

"उलटी काढून राहिला आणि पडत काहीच नाही. आतून वाट बंद झाली आहे. तेल पोटात जाणारच नाही."

"बैलाचंबी असंच होते. तेल गेलं का फेस बसते, ढेकर येते, मोकळा होते."

"बैलाचं पोट वेगळं."

"पोट ते पोट," ते म्हणाले आणि नळी तेलात बुडवली. मी हलले नाही. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "सूनबाई, बाजूले हो. लोकाईसमोर मले आडवी होऊन राहिली तू. पोट्टा मरून राहिला माहा."

माझा नवरा आमच्या दोघांच्या मधे उभा राहून चपला शोधत होता. चपला पायातच होत्या.

वाद घालण्याइतका वेळ नव्हता, आणि लोकांसमोर मामाजींशी वाद घालून मी कधी जिंकलेही नसते. मी कुत्र्याचा वरचा ओठ उचलला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती चुन्याच्या पाण्यासारखी झाली होती. मी बोटाने दाबून दाखवलं. दाबलं की पांढरं होतं आणि बोट काढताच रंग परत यायला हवा. इथे आम्ही बघत राहिलो आणि रंग येत नव्हता. मी मामाजींचं बोट धरून तिथे ठेवलं.

"तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. काढलं. वाट बघितली. जनावर ओळखणारा माणूस आहे तो. मी काही समजावून सांगितलं नाही.

"याचं रगत तर सरलं," ते हळू म्हणाले.

"हा रंग तेलाने येत नाही. डॉक्टरकडे न्यावा लागेल. आत्ता."

त्यांनी नळी पाहुण्यांच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाले, "चपला काय पाहून राहिला? गाडी काढ."

अमरावतीच्या डॉक्टरांचा फोन लगेच लागला, हे नशीब. लक्षणं ऐकून ते मला मधेच थांबवून बोलू लागले. त्यांच्याकडे रविवारी भूल देणारं कोणी नव्हतं. अकोल्यात एक सर्जन बाई आहेत, त्यांना ते फोन करणार होते. तोंडावाटे पाण्याचा थेंबही नाही, कितीही जीभ बाहेर काढली तरी. आणि दर्यापुरात गुरांचे डॉक्टर भेटत असतील तर पाच मिनिटं थांबून आतली हवा काढून घ्या, पिशवी तशीच फुगलेली राहिली तर तो अकोल्यापर्यंत टिकणार नाही.

मागची सीट पाडून आम्ही त्याला आत घेतला. उचलायला चौघे लागले. मामाजी पुढे बसले नाहीत, मागे त्याच्याजवळ चढले, डोकं मांडीवर घेऊन. तेव्हापर्यंत त्याचं पोट उजव्या बाजूने इतकं ताणलं होतं की कातडी चकाकत होती. अकोल्याच्या सर्जन बाई नंतर म्हणाल्या, तुम्हाला दिसलं तरी. या जातीत पिशवी बरगड्यांच्या आत असते, कित्येकदा बाहेरून फुगलेलं काहीच दिसत नाही आणि माणसं नुसती अस्वस्थता बघत बसतात.

दर्यापूरचे डॉक्टर घरीच होते, बनियनवर. त्यांनी गाडीतच बघितलं आणि मागे सरकले. बैलाला, म्हशीला त्यांनी भकाळीत, म्हणजे बरगडीमागच्या खळग्यात, नळी घातलेली होती. कुत्र्याला कधी नाही. "चुकीच्या जागी लागली तर प्लीहा फाटेल, मॅडम. मग माझं नाव." मी अमरावतीच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि तो दर्यापूरच्या डॉक्टरांच्या कानाशी धरला. ते ऐकत होते, हं हं करत होते. मग त्यांनी पोटावर ठिकठिकाणी टिचक्या मारल्या, जिथे सर्वांत पोकळ वाजलं तिथले केस भादरले, औषध फासलं आणि जनावरांची जाड सुई आत घातली.

फुस्स करून हवा आली. सडक्या ताकासारखा, आंबलेला वास गाडीभर पसरला. मामाजींनी डोळे मिटून घेतले. सुईतून हवा येत राहिली आणि कुत्र्याची छाती, जी इतका वेळ वरवर उडत होती, जरा खोल हलायला लागली.

"मोकळा झाला," मामाजी म्हणाले.

"मोकळा नाही झाला, बाबाजी," दर्यापूरचे डॉक्टर म्हणाले. "हवा गेली. पीळ तसाच आहे. पुन्हा भरेल." त्यांनी पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवली आणि सलाईन जोडलं. मागच्या पायाला का नाही, असं मी विचारलं, कारण माझं रोजचं काम शिरा शोधण्याचं आहे. फुगलेलं पोट खालून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं, मागच्या पायात दिलेलं हृदयापर्यंत पोचणार नाही, ते म्हणाले. मी बाटली वर धरली. अकोल्यापर्यंत ती बाटली धरणं हे माझं काम.

काळ्या मातीतले आमच्याकडचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात, त्यामुळे नवा रस्ताही लाटेसारखा होतो. प्रत्येक लाटेला मामाजी कुत्र्याच्या अंगावर वाकून त्याला धरत होते. पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा पोट पुन्हा ताणलं होतं. मी हिरडी बघत होते, नवरा आरशातून मला बघत होता. दर्यापुरातून नवऱ्याने कळवल्यापासून मुलाचा पुण्याहून सारखा फोन येत होता. मी एकदाच उचलला. जिवंत आहे, पोचलो की सांगते, मधे फोन करू नको, एवढं सांगून ठेवला. त्याला वाईट वाटलं असणार. माझा एक हात बाटली धरण्यात अडकला होता.

अकोल्याच्या सर्जन बाई दारातच उभ्या होत्या. उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला. त्यांनी तो आम्हाला दाखवला. काळ्या हवेच्या दोन पिशव्या, मधे एक पांढरी घडी, मुरगळलेल्या उशीसारखी. पीळ पडला होता यात शंका नव्हती. त्यांनी भूल देण्याआधी दुसऱ्या पायातही सलाईन लावलं, तोंडातून नळी घालून बघितली, ती गेली नाही, म्हणून पुन्हा सुईने हवा काढली. हृदयाचे ठोके यंत्रावर लावले. मग माझ्याकडे वळल्या.

"पोट उघडल्यावर जठराचा रंग बघणार. जांभळा असेल तर पीळ सोडून थांबून बघू, बरेचदा परत येतो. थोडा भाग काळा पडला असेल तर तेवढा काढता येतो. पण मोठा भाग मेला असेल तर मी त्याला भुलेतून उठवणार नाही. हे मला आत्ता विचारावं लागेल, मधे बाहेर येऊन विचारायला वेळ नसतो."

मी मुलाला फोन लावला आणि डॉक्टरांना तेच पुन्हा सांगायला लावलं. मग तो म्हणाला, "आई, तू सही कर. जे बरोबर वाटेल ते." मी सही केली. मामाजींना काय ते कळलं होतं. ते म्हणाले, "नाई उठवायचं म्हंजे काय ते मले सांगू नको." मी सांगितलं नाही.

बाहेर सिमेंटच्या बाकावर आम्ही तिघे. शेजारी एक बाई बकरी घेऊन बसली होती, तिने आम्हाला चहा घेणार का विचारलं. नवऱ्याने घेतला. मामाजी पट्टा हातात गुंडाळून बसले होते. उन्हं खाली आली, आवारातल्या कडुलिंबावर पोपट गोळा झाले. दार उघडलं की आम्ही तिघेही उभे राहायचो आणि दर वेळी कोणीतरी भलताच माणूस बादली घेऊन बाहेर यायचा.

मी मनात रोडगे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्याने काही होणार नव्हतं.

दिवे लागले तेव्हा बाई आल्या, टोपी काढत. "जांभळं होतं. पीळ सोडला, वाट बघितली, गुलाबी झालं. प्लीहा सुजलीय पण ठीक आहे. पोट रिकामं करून धुतलं. जठर उजव्या बाजूला आतल्या भिंतीला टाके घालून बांधलंय."

मामाजींनी विचारलं, "बांधलं म्हंजे?"

"म्हणजे आता पोट फुगू शकेल, पण फिरू शकणार नाही. पण अजून दोन-तीन दिवस हृदयाचा ठेका बिघडू शकतो. तेवढे दिवस इथेच ठेवू. मी अजून वाचला म्हणणार नाही."

मामाजींनी हातातला पट्टा उलगडून पुन्हा गुंडाळला. मग ज्याची मी दिवसभर वाट बघत होते तो प्रश्न त्यांनी विचारला. "मी तेल पाजून राहिलो होतो. पाजलं असतं तं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तेल आत गेलं नसतं. ओकारीबरोबर फुप्फुसात उतरलं असतं. बैलाला तेल बरोबर आहे, त्याच्या पोटात फेस असतो, पीळ नसतो. फुगलंय हे तुम्ही आधी ओळखलं, ते बरोबर ओळखलं. इलाज दुसऱ्या जनावराचा होता."

मामाजींनी मान हलवली. गाडीत परत येताना रिकामा पट्टा त्यांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी ठेका बिघडला. बाईंनी औषध चालू केलं, फोनवर मला आकडे सांगितले, मला ते आवडलं, कारण कोणी आकडे सांगितले की मला काळजी करण्यापेक्षा काहीतरी करायला मिळतं. तिसऱ्या दिवशी ठेका सरळ झाला. त्यानंतर पोट्टा घरी आला, पोटावर लांब टाके, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, आणि त्या भोंग्याने गोठ्यातल्या सगळ्या वस्तू पाडत.

निघताना बाईंनी खाण्याबद्दल सांगितलं. हे रोडग्यांमुळेच झालं असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही, जात, वय, घराणं, स्वभाव, सगळ्याचा हात असतो. पण जे आपल्या हातात आहे ते करावं. एक मोठं जेवण नाही, दिवसातून तीन लहान. घाईने गिळतो म्हणून पसरट थाळीत, मधे एक मोठा गुळगुळीत दगड ठेवून, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा, म्हणजे त्याला दगडाभोवती शोधत खावं लागेल. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी धावणं नाही, वानरं आली तरी नाही. पाणी दिवसभर समोर, म्हणजे एकदम ढोसणार नाही. लोखंडी स्टँड काढून टाका. उंचावर खाल्ल्याने बरं होतं की वाईट यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, पण त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि धोका असू शकतो. मामाजींनी सगळं ऐकलं. स्वयंपाक कोण करेल असं या वेळी विचारलं नाही. दगड त्यांनी नदीतून स्वतः निवडून आणला.

महिनाभराने मी शेतावर गेले होते. दुपारचं खाणं झालं होतं, पोट्टा खाटेजवळ बांधलेला होता. एकदम तो उठला. गोल फिरला. पाय फाकवून उभा राहिला, मान खाली. मी पातेलं ठेवलं. नवऱ्याने खिशातली किल्ली काढली. मामाजी खाटेवरून उतरून त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्याचा ओठ उचलून हिरडी दाबली. आम्ही तिघेही त्या हिरडीकडे बघत होतो. रंग लगेच परत आला.

पोट्टा घसा ताणून मामाजींच्या तोंडावर एक लांबलचक, भरदार ढेकर देऊन मोकळा झाला आणि आडवा पडला.

"वाट खुली हाय," मामाजी तोंड पुसत म्हणाले. "जा सूनबाई, तुहे भांडे घास."